यूज्ड टू, बी यूज्ड टू आणि गेटिंग यूज्ड टू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या तीन रचनांबद्दल मराठी वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. जिथे स्पेलिंगवरच सगळं अवलंबून आहे, तिथे ती रोमन लिपीत वेगळी दाखवली आहेत.

१. तिन्ही रचना सारख्याच दिसतात. अर्थात नेमका फरक काय?

एकच क्रिया घेऊन बघू : पहाटे पाचला उठणे.

"मी पूर्वी पाचला उठायचो." ही तेव्हाची रीत होती, आता बहुधा नाही. इथे नुसतं यूज्ड टू येतं : "आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह."

"मला पाचला उठायची सवय आहे." उठणं जड जात नाही, अंगवळणी पडलंय. इथे बी यूज्ड टू : "आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह."

"मला हळूहळू पाचला उठायची सवय होतेय." अजून पुरती झालेली नाही, पण पहिल्या दिवसाइतका त्रास होत नाही. इथे गेटिंग यूज्ड टू : "आय ॲम गेटिंग यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह."

म्हणजे पहिली रचना फक्त गेलेल्या काळाबद्दल बोलते. दुसरी एखाद्या स्थितीबद्दल बोलते, आणि ती स्थिती आजची, कालची किंवा उद्याची कुठलीही असू शकते. तिसरी त्या स्थितीपर्यंत पोचण्याबद्दल बोलते. पुढे येणारी रूपं अशी :

```
used to + V1
be used to + noun / V-ing
get used to + noun / V-ing
```

यात V1 म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, noun म्हणजे नाम. be आणि get यांच्या जागी काळाप्रमाणे त्यांची योग्य रूपं घालायची.

२. 'टू'नंतर मूळ रूप येतं असं शाळेत शिकलो. मग दोन ठिकाणी आयएनजी का?

कारण हे दोन 'टू' वेगळे आहेत. "आय वाँट टू गो" मधला 'टू' हा क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटलेला 'टू' आहे, आणि "आय यूज्ड टू गो" मधलाही तोच. "आय ॲम यूज्ड टू द नॉइज" मधला 'टू' मात्र "आय वेंट टू द मार्केट" मधल्यासारखा, नामाला जोडणारा आहे. अशा 'टू'नंतर नाम लागतं, आणि क्रियापदच घालायचं असेल तर त्याला आधी नामासारखं रूप द्यावं लागतं. आयएनजी लावणं म्हणजे तेच. मराठीतही "उठ" चं "उठणं" किंवा "उठायचं" केल्याशिवाय त्याला "ची सवय" जोडता येत नाही, "उठण्याची सवय" किंवा "उठायची सवय" असंच म्हणावं लागतं.

शंका आली की क्रियापद काढून तिथे 'इट' घालून बघायचं. "आय ॲम यूज्ड टू इट" हे वाक्य पूर्ण आणि बरोबर आहे, म्हणून तिथे क्रियापद आलं तर ते आयएनजी घेऊनच येणार. "आय यूज्ड टू इट" याला मात्र काही अर्थ लागत नाही, म्हणून तिथे मूळ रूप.

दुसरी खूण 'यूज्ड'च्या मागे सापडते. मागे ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन किंवा गेटचं एखादं रूप असेल तर पुढे आयएनजी. मागे थेट कर्ता असेल तर पुढे मूळ रूप. या दुसऱ्या खुणेला एकच मोठा अपवाद आहे, तो प्रश्न १० मध्ये आहे.

चुका दोन तऱ्हेच्या होतात. "आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली" यात आयएनजी राहिलं. ही चूक जास्त दिसते, पण ऐकणाऱ्याला अर्थ साधारण कळतो. "आय यूज्ड टू गेटिंग अप अर्ली" यात 'ॲम' गळालं. ही चूक अधिक घातक आहे, कारण तुम्ही पूर्वी उठायचात की तुम्हाला उठायची सवय आहे, हे ठरवायला ऐकणाऱ्याकडे काहीच उरत नाही. बोलताना "आय ॲम"चं "आयम" होतं आणि तो 'म' कानाला जेमतेम ऐकू येतो, त्यामुळे ऐकून शिकलेल्यांच्या लिहिण्यात तो हमखास सुटतो.

३. मराठीत 'सवय आहे' असलं की इंग्रजीत 'बी यूज्ड टू' लिहायचं, हे बरोबर आहे ना?

अर्धंच बरोबर आहे. मराठीतली "सवय" दोन कामं करते आणि इंग्रजी त्यांना वेगवेगळं ठेवतं.

"मला लोकलच्या गर्दीची सवय आहे" म्हणजे गर्दीचा आता त्रास वाटत नाही. इथे बी यूज्ड टू चपखल बसतं : "आय ॲम यूज्ड टू द क्राउड इन द लोकल्स." पण "मला नखं खायची सवय आहे" म्हणजे मी नखं खातो, वारंवार खातो. इथे "आय ॲम यूज्ड टू बायटिंग माय नेल्स" लिहिलं तर नखं खाणं सुरुवातीला अवघड होतं आणि आता जमायला लागलंय, असा भलताच अर्थ निघतो. त्यासाठी "आय हॅव अ हॅबिट ऑफ बायटिंग माय नेल्स" म्हणायचं, किंवा साधं "आय बाइट माय नेल्स".

पारख करायला "सवय आहे" काढून "आता त्याचं काही वाटत नाही" घालून बघा. "लोकलच्या गर्दीचं आता काही वाटत नाही" जमतं, म्हणून बी यूज्ड टू. "नखं खाण्याचं आता काही वाटत नाही" हे तुम्हाला म्हणायचंच नव्हतं, म्हणून नाही. बी यूज्ड टूच्या पोटात नेहमी एक दडलेली गोष्ट असते : ती बाब नवख्या माणसाला विचित्र, कठीण किंवा त्रासाची वाटू शकते. जेवल्यावर हात धुण्याबद्दल ही रचना कोणी वापरत नाही, ती याच कारणाने.

४. मी रोज जिमला जातो. "आय यूज टू गो टू द जिम" म्हटलं तर चालेल का?

नाही. यूज्ड टूला वर्तमानकाळच नाही. 'डी' काढून टाकला की तो वर्तमानकाळ होतो, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. "आय गो टू द जिम एव्हरी डे" किंवा "आय युजुअली गो टू द जिम इन द मॉर्निंग" म्हणा.

यात नुसतं व्याकरण बिघडत नाही. 'यूज्ड टू' आणि 'यूज टू' यांचा उच्चार एकच आहे (प्रश्न ७ पहा), त्यामुळे समोरच्याच्या कानावर भूतकाळच पडतो. नोकरीच्या मुलाखतीत सध्याच्या कामाबद्दल सांगताना "आय यूज टू हँडल द अकाउंट्स" म्हटलं, तर ते काम तुमच्याकडून गेलंय असंच समोरचा धरून चालतो आणि पुढचा प्रश्न "मग आता काय करता?" असा येतो.

५. "मी पुण्यात राहत होतो" यात 'होतो' आहे. मग "आय वॉज यूज्ड टू लिव्ह इन पुणे" का चूक?

चूक नेमकी त्या 'होतो'मुळेच होते. मराठीतला 'होतो' हा 'राहत'ला मदत करणारा आहे, आणि त्याचं काम इंग्रजीत 'यूज्ड टू' एकट्यानेच करतं. वर 'वॉज' घातला की रचनाच बदलते.

"आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे" : मी पूर्वी पुण्यात राहायचो. "आय वॉज यूज्ड टू लिव्हिंग अलोन" : मला तेव्हा एकटं राहायची सवय होती. दोन्ही वाक्यं भूतकाळातली आहेत, पण दुसऱ्यात भूतकाळ 'वॉज'मध्ये आहे आणि 'यूज्ड' हे विशेषणासारखं नुसतं उभं आहे. म्हणून काळ बदलला की 'बी'चं रूप बदलतं, 'यूज्ड' जसंच्या तसं राहतं : "शी इज यूज्ड टू", "दे वेअर यूज्ड टू", "यू विल बी यूज्ड टू", "ही हॅज नेव्हर बीन यूज्ड टू". या प्रत्येकानंतर नाम किंवा आयएनजी.

मराठी व्याकरणात ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात, म्हणजे "जात असे", "जाई" किंवा बोलीतलं "जायचो", तो इंग्रजीत नेताना यूज्ड टू सगळ्यांत जवळचं आहे. "जात होतो" मात्र जरा जपून. "तू फोन केलास तेव्हा मी जात होतो" इथे रीत नाही, ती चालू असलेली एक क्रिया आहे. त्यासाठी "आय वॉज गोइंग".

६. भूतकाळातल्या कुठल्याही गोष्टीला यूज्ड टू लावता येतं का?

नाही. वारंवार होणारी क्रिया किंवा बराच काळ टिकलेली आणि मग बदललेली स्थिती असेल तरच. एकदाच घडलेल्या गोष्टीला ते लागत नाही, म्हणून "आय यूज्ड टू मीट हिम यस्टर्डे" हे वाक्यच होत नाही.

जास्त फसवणारी चूक आकड्यांची आहे. एकूण किती वर्षं किंवा एकूण किती वेळा हे सांगायचं असेल तेव्हा साधा भूतकाळ लागतो. "आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर सिक्स इयर्स" बरोबर, "आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक फॉर सिक्स इयर्स" नाही. "वी वेंट टू गोवा फोर टाइम्स" बरोबर, यूज्ड टू घालून नाही. यूज्ड टू त्या काळाची रीत सांगतं, हिशेब मांडत नाही. "दर उन्हाळ्यात" किंवा "आठवड्यातून दोनदा" मात्र खुशाल चालतं, कारण ती रीतच आहे : "वी यूज्ड टू गो टू गोवा एव्हरी समर."

स्थितीसाठी ही रचना फार कामाची आहे. १९९५ मध्ये शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं, त्याबद्दल "मुंबई यूज्ड टू बी कॉल्ड बॉम्बे" असं म्हणता येतं. यात 'टू'नंतर मूळ रूप 'बी' आहे आणि 'कॉल्ड' हे त्या 'बी'मुळे आलंय. "इथे पूर्वी टॉकीज होती" यालाही "देअर यूज्ड टू बी अ थिएटर हिअर" हेच सरळ इंग्रजी आहे.

आता ते तसं नाही, ही सूचना यूज्ड टूमध्ये बहुतेक वेळा असतेच. क्वचित "ही यूज्ड टू सिंग, अँड ही स्टिल डझ" असं म्हणून ती पुसताही येते, पण पुसायची असेल तर असं स्पष्ट सांगावं लागतं.

७. "डिडन्ट यूज टू" की "डिडन्ट यूज्ड टू"? दोन्ही पाहिलंय.

लिहिताना 'डी' नाही. 'डिड' आला की भूतकाळ त्याच्याकडे जातो आणि पुढचं क्रियापद मूळ रूपावर येतं, "डिड यू गो" मध्ये येतं तसंच.

```
I used to smoke.
I didn't use to smoke.
Did you use to smoke?
```

गोंधळ होण्याचं खरं कारण उच्चारात आहे. या रचनेतला 'यूज्ड' आपण "यूझ्ड" असा वाचतो, पण तो प्रत्यक्षात "यूस्ट" असा ऐकू येतो आणि पुढच्या 'टू'मध्ये मिसळून "यूस्टू" होतो. 'यूज टू'सुद्धा "यूस्टू"च होतो. कानाला फरक नसल्यामुळे इंग्रजी ही मातृभाषा असलेली माणसंही लिहिताना 'डी' ठेवतात, आणि त्यामुळे तो छापील मजकुरातही सापडतो. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात तो टाळा.

स्पेलिंगची धास्ती वाटत असेल तर 'नेव्हर'ने नकार करा : "आय नेव्हर यूज्ड टू स्मोक." इथे 'डिड' नाही म्हणून 'डी' जागेवर राहतो, आणि हे बोलीतही अगदी सहज येतं. "आय यूज्ड नॉट टू" हे जुन्या वळणाचं औपचारिक ब्रिटिश रूप आहे. वाचताना ओळखता आलं की पुरे.

हे सगळं फक्त नुसत्या यूज्ड टूबद्दल. बी यूज्ड टूमध्ये नकार 'बी'वर होतो आणि 'डी' कधीच जात नाही : "आय ॲम नॉट यूज्ड टू", "आर यू यूज्ड टू". गेट यूज्ड टूमध्ये 'डिड' येतो खरा, पण तो 'गॉट'चं 'गेट' करतो, 'यूज्ड'ला हात लावत नाही.

```
I didn't get used to the food.
```

८. 'गेट' आणि 'गेटिंग' यांत काय निवडायचं? 'गॉट' कधी?

'गेट' हे साधं क्रियापद आहे, म्हणून ते सगळ्या काळांत फिरतं. सवय होण्याच्या प्रवासात तुम्ही कुठे उभे आहात त्यावर रूप ठरतं.

आत्ता होतेय : "आय ॲम गेटिंग यूज्ड टू द नाइट शिफ्ट." पुढे होईल : "यू विल गेट यूज्ड टू इट." झाली, आणि केव्हा झाली ते सांगायचंय : "आय गॉट यूज्ड टू इट इन अ मंथ." झाली, आणि आज ती आहे : "आय हॅव गॉट यूज्ड टू इट", अमेरिकेत "आय हॅव गॉटन यूज्ड टू इट". होतच नाही : "आय कान्ट गेट यूज्ड टू इट."

"आय ॲम यूज्ड टू इट नाउ" आणि "आय हॅव गॉट यूज्ड टू इट नाउ" यांत अर्थ जवळजवळ एकच आहे. दुसऱ्यात फक्त आधी सवय नव्हती हे जास्त जाणवतं. "आय ॲम बीइंग यूज्ड टू इट" असं मात्र कधी लिहू नका. सवय होत असल्याचं सांगायला 'बीइंग' चालत नाही, 'गेटिंग'च लागतं. शिवाय "आय ॲम बीइंग यूज्ड" एवढंच वाचलं तर "माझा वापर करून घेतला जातोय" असा अर्थ होतो.

९. यूज्ड टूच्या जागी 'वुड' कधी चालतं?

वारंवार केलेली क्रिया असेल आणि काळ आधीच सांगून झाला असेल तर. "व्हेन वी वेअर किड्स, आजोबा वुड टेल अस स्टोरीज" इथे 'यूज्ड टू टेल' आणि 'वुड टेल' दोन्ही चालतात. आठवणी सांगताना पहिल्या वाक्यात यूज्ड टू आणि मग पुढे 'वुड' असा क्रम कानाला बरा लागतो.

स्थितीला 'वुड' चालत नाही. "वी यूज्ड टू हॅव अ बिग हाउस" बरोबर आहे. "वी वुड हॅव अ बिग हाउस" म्हटलं तर "आमचं मोठं घर असतं" असा, म्हणजे जर-तरचा अर्थ होतो. हॅव, बी, नो, लाइक, आणि वस्तीच्या अर्थाने लिव्ह, यांच्यासाठी यूज्ड टूच ठेवा.

१०. "धिस नाइफ इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स" यात 'इज' आहे, तरी आयएनजी नाही. हे कसं?

प्रश्न २ मधल्या खुणेचा अपवाद तो हाच. इथे 'यूज' म्हणजे वापरणे, आणि वाक्य कर्मणी आहे : ही सुरी भाजी चिरायला वापरली जाते. 'टू कट' म्हणजे चिरण्यासाठी. सवयीचा इथे काही संबंध नाही.

उच्चारावरून दोन्ही वेगळे कळतात. वापरण्याच्या अर्थाचा 'यूज्ड' हा "यूझ्ड" असा, मधे 'झ' ठेवून येतो. सवयीचा "यूस्ट" असा 'स' घेऊन येतो. लिहिलेल्या वाक्यात मात्र कर्त्याकडे बघावं लागतं. सुरी, यंत्र, पैसा, औषध अशा गोष्टींना सवय होत नाही, त्यामुळे कर्ता वस्तू असेल तर बहुधा कर्मणी वाक्य आणि पुढे मूळ रूप. कर्ता माणूस किंवा प्राणी असेल तर बहुधा सवय आणि पुढे आयएनजी.

बहुधा म्हणायचं कारण प्राण्यांच्या वाक्यांत दिसतं. "बुलक्स आर यूज्ड टू पुल कार्ट्स" म्हणजे गाडी ओढायला बैल वापरतात. "द बुलक्स आर यूज्ड टू पुलिंग कार्ट्स" म्हणजे या बैलांना गाडी ओढायची सवय आहे. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. मधलं एक रूप बदललं की सगळा अर्थ बदलतो, म्हणून परीक्षेत ही जोडी आवडीने विचारली जाते. वापराच्या अर्थी आयएनजी हवंच असेल तर 'टू' काढून 'फॉर' घाला : "धिस नाइफ इज यूज्ड फॉर कटिंग व्हेजिटेबल्स."

११. बी यूज्ड टूनंतर नाम आणि आयएनजी याशिवाय काय येऊ शकतं?

नामाच्या जागी बसणारं काहीही. दुसऱ्या कोणाच्या क्रियेची सवय असेल तर तो माणूस मधे येतो : "आय ॲम यूज्ड टू हिम शाउटिंग", म्हणजे त्याच्या ओरडण्याची मला सवय आहे. औपचारिक लेखनात 'हिम'ऐवजी 'हिज'. इथे "यूज्ड टू ही शाउट्स" असं लिहिणारे खूप जण आढळतात, ते चूक. प्रश्नार्थक शब्दाने सुरू होणारं उपवाक्यही येतं : "आय ॲम यूज्ड टू हाउ ही टॉक्स."

स्वतःवर क्रिया होत असेल तर 'बीइंग' आणि क्रियापदाचं तिसरं रूप : "शी इज यूज्ड टू बीइंग इंटरप्टेड", तिला मधेच तोडलं जाण्याची सवय आहे. हे नुसत्या यूज्ड टूच्या "यूज्ड टू बी कॉल्ड"शी ताडून बघा (प्रश्न ६). तिथे 'बी', इथे 'बीइंग', आणि कारण प्रश्न २ मधलंच.

१२. छोटी उत्तरं आणि टॅग कसे करायचे?

नुसत्या यूज्ड टूला 'डिड' : "शी यूज्ड टू सिंग, डिडन्ट शी?" उत्तर "येस, शी डिड" किंवा "शी यूज्ड टू". बी यूज्ड टूला 'बी' : "यू आर यूज्ड टू द हीट, आरन्ट यू?" उत्तर "येस, आय ॲम".

"आय यूज्ड टू" इथेच वाक्य थांबवता येतं, पुढचं क्रियापद समजून घेतलं जातं. "आय ॲम यूज्ड टू" इथे थांबता येत नाही, 'इट' लागतोच : "आय ॲम यूज्ड टू इट." 'इट' विसरणं ही बोलण्यातली फार नेहमीची चूक आहे, कारण मराठीत "मला सवय आहे" एवढ्यावर भागतं.

१३. एक सलग उतारा करून दाखवाल का?

पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या एका बाईंचे हे मराठी उद्गार घेऊ. भारतात वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि अमेरिकेत उजव्या, म्हणून तिन्ही रचना यात आपोआप येतात.

"पुण्यात मी स्कूटर चालवायचे." नुसती जुनी रीत : "आय यूज्ड टू राइड अ स्कूटर इन पुणे."

"मला गर्दीत चालवायची सवय होती." तेव्हाची स्थिती, म्हणून 'वॉज' आणि आयएनजी : "आय वॉज यूज्ड टू रायडिंग इन हेवी ट्रॅफिक." इथे 'वॉज' गळाला तर प्रश्न २ मधली दुसरी चूक होते.

"उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय व्हायला मला तीन महिने लागले." यात दोन 'टू' येतात आणि दोन्ही वेगळे आहेत :

```
It took me three months to get used to driving on the right.
```

पहिला 'टू' क्रियापदाला चिकटलेला, म्हणून पुढे 'गेट' मूळ रूपात. दुसरा नामाला जोडणारा, म्हणून पुढे 'ड्रायव्हिंग'. इथे 'टू गेटिंग' आणि 'टू ड्राइव्ह' अशी अदलाबदल करणारे पुष्कळ असतात. हे एक वाक्य नीट जमलं तर विषयातला अवघड भाग हाताला आला असं समजा.

"सुरुवातीला भीती वाटायची." जुनी स्थिती : "आय यूज्ड टू बी स्केअर्ड ॲट फर्स्ट." 'भीती वाटायची' हा रीतिभूतकाळ, आणि स्थिती असल्यामुळे 'वुड' नाही (प्रश्न ९).

"आता सवय झालीय, पण बर्फात चालवायची काही होत नाही." पहिल्या अर्ध्यात 'इट', दुसऱ्यात 'कान्ट गेट' : "आय ॲम यूज्ड टू इट नाउ, बट आय कान्ट गेट यूज्ड टू ड्रायव्हिंग इन द स्नो."

१४. "आय यूज्ड टू बी यूज्ड टू" असं वाक्य वाचलं. ही छपाईची चूक आहे का?

नाही, ते शुद्ध आहे. "आय यूज्ड टू बी यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह" म्हणजे पूर्वी मला पाचला उठायची सवय असायची, आता राहिलेली नाही. पहिल्या यूज्ड टूने मूळ रूप 'बी' घेतलं, दुसऱ्याने आयएनजी घेतलं. "आय वॉज यूज्ड टू" म्हणूनही काम भागतं. लांब रूपात ती सवय मोडली आहे हे ठळकपणे येतं, एवढाच फरक.

"विल यूज टू" किंवा "हॅड यूज्ड टू" मात्र सवयीच्या कुठल्याच अर्थाने होत नाही. उद्याच्या सवयीसाठी "विल गेट यूज्ड टू" आणि भूतकाळाच्याही आधी झालेल्या सवयीसाठी "हॅड गॉट यूज्ड टू" वापरायचं. दुसऱ्याचं बोलणं सांगताना यूज्ड टूला आणखी मागच्या काळात ढकलायचं नसतं : "ही सेड ही यूज्ड टू लिव्ह इन सातारा" असंच राहतं.